चौथ्या वर्तुळाने खाल्लेले चार महिने

इकिगाई नावाने फिरणारी ती चार वर्तुळं काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. काय आवडतं, काय जमतं, लोकांना काय लागतं आणि पैसे कशाचे मिळतात. चारही एकमेकांवर थोडी चढवायची आणि मधोमध जो तुकडा उरेल त्यात आपलं काम शोधायचं. ज्या कार्यशाळेत मी हे पहिल्यांदा केलं, तिथल्या बाईंनी वीस मिनिटं दिली आणि म्हणाल्या, "मधलं आपोआप दिसेल." शेजारणीला दिसलं, तिच्या शेजारच्याला दिसलं. माझा मध्य कोराच राहिला. "मनापासून भरलं नसेल," असंही वर ऐकून घेतलं. त्याचा राग अजून आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी पॅकिंग मशीनच्या सर्व्हिस विभागात नोकरी करते. जमतं या वर्तुळात मी 'मशीन दुरुस्ती' लिहिलं होतं, आवडतं यात 'चित्रकला', लोकांना लागतं यात 'शिक्षण' आणि पैशात 'नोकरी'. असे चार मोठाले शब्द कशाला एकमेकांना शिवतील? पुढे एका रविवारी चिडूनच मी सगळी नामं खोडली आणि फक्त करायच्या गोष्टी लिहिल्या. चित्रकलेतलं नेमकं काय आवडतं? निसर्गचित्रं मी काढते, पण तास न् तास रमते ती एखादी वस्तू सुटी करून कुठला भाग कशात बसतो हे काढण्यात. आणि दुरुस्तीतलं काय जमतं? पाना फिरवणारे माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ आहेत. पण लांबच्या साइटवर अडकलेल्या पोराला फोनवरून बिघाडापर्यंत नेणं मला जमतं. हे मला स्वतःहून सुचलं नव्हतं. एक सहकारी म्हणाला, "तुला सगळे त्याच्यासाठीच तर फोन करतात." जमतं हे वर्तुळ एकट्याने भरू नका. जे सहज येतं ते आपल्याला कौशल्य वाटतच नाही.

तिसरं वर्तुळ त्या फोनमुळेच भरलं. 'समाजाला शिक्षण' खोडून मी लिहिलं, 'नव्या टेक्निशियनला साइटवर मॅन्युअल उघडून काही कळत नाही.' उदाहरण द्यायचं तर पाऊच चुकीच्या जागी कापला जाणं. पाऊच ज्या प्लॅस्टिक फिल्मचा बनतो तिच्यावर ठरावीक अंतराने एक गडद खूण छापलेली असते, तिला आय मार्क म्हणतात. सेन्सर ती खूण वाचतो आणि त्यावरून कापायची जागा ठरते. कापणी सरकली की पोरं थेट सेन्सर बदलतात. खरं तर बरेचदा भिंगावर धूळ बसलेली असते, नाहीतर फिल्म बाजूला सरकल्यामुळे खूण सेन्सरखालून जातच नसते. हे एका पानावर, तीन चित्रांत दाखवता येतं. आधी काय पुसायचं, मग काय पाहायचं आणि सेन्सर बदलायचा तो सगळ्यात शेवटी.

म्हणजे तीन वर्तुळं जुळली आणि मला वाटलं, संपलं. चौथ्यात मी 'चित्रमय दुरुस्ती-पानं' असं झोकात लिहून टाकलं. इथेच फसले.

पहिल्या तिन्ही वर्तुळांत आपण, आपला अनुभव, आपल्या आसपासची माणसं असतात. ती खुर्चीत बसून, फार तर दोन फोन करून भरता येतात. चौथं वर्तुळ दुसऱ्याच्या खिशात असतं. तिथे 'मिळू शकतील' हा शब्द चालत नाही, पण कार्यशाळेत सगळ्यांनी तोच लिहिला होता. मी दोन नमुना पानं केली आणि ओळखीच्या टेक्निशियनना दाखवली. "मॅडम, भारी आहे, अजून करा!" मी फुगले. आणखी सहा पानं केली, रात्री जागून. मग विचारलं, विकत घ्याल का? एकजण हसला, एकाने फोटो काढून ठेवला, बाकीचे गप्प. ते गप्प बसणं मी महिनाभर 'अजून छान करायला हवीत' असं वाचत राहिले. रंग बदलले, अक्षरं बदलली. दोन महिने असे गेले.

चूक चित्रांत नव्हती, माझ्या प्रश्नात होती. "हे आवडेल का?" असं विचारलं की माणूस सभ्यपणे हो म्हणतो, त्याचं त्यात काही जात नाही. घडून गेलेलं विचारायला हवं होतं. शेवटचं असं कधी अडलं? तेव्हा काय केलंत? त्यात कोणाचं काय गेलं? हे तीन प्रश्न घेऊन मी पुन्हा त्याच पोरांकडे गेले, तेव्हा खरं कारण बाहेर आलं. अडलं की ते मला फोन करत होते आणि तो फुकट होता! मीच माझी फुकटातली स्पर्धक होते. शिवाय दुसऱ्यांदा साइटवर जावं लागलं तर त्यांच्या खिशातून काहीच जात नव्हतं. गरज त्यांची होती, भुर्दंड मात्र दुसऱ्याच कुणाला पडत होता.

तो पडत होता सर्व्हिसचा हिशेब पाहणाऱ्या माणसाला. ज्याला लागतं आणि जो पैसे देतो ती दोन वेगळी माणसं असू शकतात, हे त्या आकृतीत कुठेच दिसत नाही. आमच्याशी ज्यांची स्पर्धा नाही अशा एका लहान मशीनवाल्यांकडे मी गेले. (माझ्या साहेबांना आधी विचारून. नोकरी असेल तर ही परवानगी लेखी घ्या, मी नंतर घेतली आणि उगाच धाकधुकीत राहिले.) तिथल्या व्यवस्थापकांना चित्रं दाखवलीच नाहीत. म्हटलं, मागच्या महिन्याच्या भेटींची नोंदवही पाहू या. चाळीस भेटींपैकी अकरा त्याच बिघाडासाठी दुसऱ्यांदा केलेल्या होत्या, आणि त्यातल्या चार एकट्या आय मार्कच्या. ते वहीकडे बघत राहिले आणि स्वतःच म्हणाले, "याचं काय करता येईल?"

पाच पानं ठरली. एका पानाला माझ्या नोकरीतल्या दोन दिवसांच्या पगाराइतके पैसे मागितले. त्यांनी थोडी घासाघीस केली, मग निम्मे आगाऊ दिले. त्या दिवशी घरी येऊन, चार महिन्यांनी, चौथ्या वर्तुळात पहिला खरा शब्द लिहिला.

या राग-रागात मी त्या आकृतीचं मूळही शोधलं. इकिगाई म्हणून ती सगळीकडे फिरते, पण चार वर्तुळं काढली ती आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने, आणि मधोमध 'उद्देश' असा शब्द होता. 2014 साली ब्लॉग लिहिणाऱ्या मार्क विन यांनी तिथे 'इकिगाई' बसवला. जपानीत त्या शब्दाचा अर्थ जगण्याचं कारण, त्याला पैशाची अट नाही, नातवंडं किंवा बागही कुणाची इकिगाई असते. हे वाचून मला फार हलकं वाटलं. माझी निसर्गचित्रं आवडतं याच वर्तुळात एकटी पडली आहेत, आणि राहू देत. त्यांना मधे ओढायचा प्रयत्न मी सोडून दिला.

नोकरी सोडलेली नाही. पाच पानांनंतर त्यांच्याकडून आणखी आठ आली, दुसरीकडून तीन, आणि मग दोन महिने काहीच नाही. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून आठवड्याची एक सुट्टी पानांना, बाकीचे दिवस पगाराला.

आणि हो, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. वर्तुळं पेनाने काढा, पण आतले शब्द पेन्सिलीने लिहा. माझा कागद चौथ्या वर्तुळात खोडून खोडून फाटला आहे, मागून चिकटपट्टी लावली आहे.