पूल पडलेला नव्हताच

चाचणीचे पेपर वाटण्याचा तास तसा कंटाळवाणाच असतो. मुलं आधी एकूण गुण बघतात, मग शेजाऱ्याचे बघतात आणि चुका कुठे झाल्या हे बघायची वेळ येईस्तोवर घंटा होते. त्या दिवशी एक मुलगी तशी जागेवर बसून राहिली नाही. पेपर घेऊन सरळ टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, सहाव्या प्रश्नात तुम्ही चुकीच्या वाक्याला गुण दिलेत."

मला आधी वाटलं, तिचेच गुण कुठेतरी कापले गेले असणार. तसं नव्हतं. चुकीच्या म्हणून जी वाक्यं ती दाखवत होती, ती तिच्या शेजारणीच्या पेपरातली होती. आणि शब्दाशब्दाने ती माझी होती. दरवर्षी फळ्यावर मीच लिहून द्यायचो.

प्रश्नात एक व्यंगचित्र दिलं होतं आणि खाली विचारलं होतं : 'या व्यंगचित्राचा संदेश काय? चित्रातील तपशील आणि तुमची माहिती यांच्या आधारे लिहा.' गुण सहा. चित्र इतिहासाच्या वर्गात सतत फिरणारं आहे. लिओनार्ड रेव्हन-हिल यांनी 'पंच' या ब्रिटिश साप्ताहिकासाठी काढलेलं, नाव 'पुलातलं खिंडार'. दगडी कमानीचा एक पूल आहे. दोन्ही बाजूंच्या दगडांवर बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंड, इटली अशी नावं आहेत. मधोमध एका दगडाएवढी मोकळी जागा. तो दगड बाजूला जमिनीवर पडलाय, त्यावर अमेरिकेचं नाव आहे, आणि त्याला रेलून उंच टोपीवाला अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका, निवांत बसलाय. जवळ एक पाटी : राष्ट्रसंघाच्या या पुलाचा आराखडा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी केला आहे.

माझं ठरीव उत्तर असं : पूल म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर शांतता टिकवायला देशांनी मिळून स्थापलेला राष्ट्रसंघ, मधला दगड म्हणजे अमेरिका, आणि संदेश म्हणजे 'अमेरिका सामील न झाल्यामुळे राष्ट्रसंघ अपयशी ठरला.' एकतीस पेपरांत हे वाक्य थोड्याफार फरकाने वीस-बावीस जणांनी लिहिलं होतं. काहींनी पुढे जपानचं चीनमधल्या मांचुरियावरचं आक्रमण आणि इटलीचं अबिसिनियावरचं, म्हणजे आजच्या इथिओपियावरचं, आक्रमणही जोडलं होतं. माहिती चांगली, म्हणून मी खूश होऊन बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

मुलीने बोट ठेवलं ते चित्राखालच्या तारखेवर. १० डिसेंबर १९१९.

"सर, राष्ट्रसंघ सुरू कधी झाला?"

१० जानेवारी १९२०. वर्गात मीच पाठ करून घेतलेली तारीख. म्हणजे चित्र छापलं तेव्हा राष्ट्रसंघ सुरूच झाला नव्हता, बरोबर महिना बाकी होता. जी गोष्ट अजून सुरूच झालेली नाही ती अपयशी ठरली असं कुणी म्हणेल कसं? मांचुरिया १९३१ मधलं, अबिसिनिया १९३५ मधलं. रेव्हन-हिल यांना ते कळण्याचा काही मार्गच नव्हता.

"आणि पूल पडलेला पण नाहीये," ती म्हणाली. "पुरा व्हायचाय."

इतकी वर्षं ते चित्र मी दाखवत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. मी पुढचा इतिहास चित्रात ओतत होतो. चित्रात एकही दगड निखळलेला नाही, खाली कुठे ढिगारा नाही, कुणी नदीत पडलेलं नाही. फक्त एक जागा रिकामी आहे आणि त्या जागेचा दगड हाताच्या अंतरावर आहे. पडझड दाखवायची असती तर चित्रकाराने ती काढली असती. ती सर्वांत सोपी गोष्ट होती.

तास संपायला वीस मिनिटं होती. मी सगळ्यांना पेपर बाजूला ठेवायला सांगितले आणि चित्र पुन्हा भिंतीवर टाकलं. म्हटलं, चला, मला काहीच माहीत नाही असं समजा.

आधी कमान घेतली. एका मुलाने विचारलं, मधलाच दगड का? कडेचा एखादा का नाही काढला? चांगला प्रश्न होता. कमानीतले दगड पाचरीसारखे घडवलेले असतात. दोन्ही बाजूंच्या दगडांचा भार मधल्या दगडापाशी भिडतो आणि तिथे एकमेकाला तोलून धरतो. तो बसेपर्यंत कमानीला खालून लाकडी आधार लागतो. तो बसला की आधार काढता येतो. म्हणजे चित्रकार 'पाच देशांतला एक कमी आहे' एवढंच म्हणत नाही. बाकीचे चौघे कितीही मजबूत असले तरी या एकावाचून ते स्वतःच्या बळावर उभे राहणार नाहीत, असं त्याचं म्हणणं आहे. कडेचा दगड काढला असता तर हा अर्थ गेला असता. प्रतीक ओळखणं म्हणजे 'पूल बरोबर राष्ट्रसंघ' अशी जोडी लावणं नव्हे. त्या वस्तूचा कोणता गुण चित्रकाराने वापरलाय ते पकडलं तर उत्तर पुढे सरकतं. (हे मी मुलांना सांगत होतो खरा, पण माझ्या आदर्श उत्तरात त्यातलं काही नव्हतं.)

मग आला टोपीवाला. हा कोण, असं विचारल्यावर निम्म्या वर्गाने एका सुरात सांगितलं : वुड्रो विल्सन. पेपरांतही बऱ्याच जणांनी तेच लिहिलं होतं. कारण उघड आहे. विल्सन तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. पाटीवर राष्ट्राध्यक्ष आहे, बाजूला माणूस आहे, म्हणजे हाच तो. मी विल्सन यांचा फोटो शेजारी लावला. गुळगुळीत दाढी, लांबट जबडा, नाकावर चिमट्याने बसणारा बिनकाड्यांचा चष्मा. विल्सन यांचं अर्कचित्र काढायला बसलेला माणूस हा चष्मा आणि हा जबडा सोडणारच नाही, कारण अर्कचित्राचा जीव अशा दोन-तीन खुणा ताणण्यात असतो. चित्रातल्या माणसाला मात्र हनुवटीवर बोकडदाढी आहे आणि कपडे अमेरिकेच्या झेंड्याची आठवण करून देणारे आहेत. हे कुणा व्यक्तीचं अर्कचित्र नाही. हे एका देशाला दिलेलं माणसाचं रूप आहे.

इथे एक मुलगा हुज्जत घालू लागला आणि त्याचं म्हणणं तसं टाकाऊ नव्हतं. "पण सर, चूक विल्सनचीच होती ना?" त्याने वाचलं होतं. राष्ट्रसंघाची तरतूद व्हर्सायच्या तहातच होती, आणि १९ नोव्हेंबर १९१९ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्या तहावर मतदान झालं. सिनेटच्या अटी जोडलेला मसुदा ३९ विरुद्ध ५५ मतांनी पडला, बिनअटीचा ३८ विरुद्ध ५३ मतांनी. अटींसह तह नको, असं विल्सन यांनीच आपल्या पक्षाच्या सिनेटरांना सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये त्यांना पक्षाघात झाला होता आणि ते आजारीच होते. एका हट्टी माणसाने स्वतःचाच पूल अडवला, असा युक्तिवाद इतिहासात करता येतो, आणि चांगला करता येतो.

पण तो युक्तिवाद या चित्रात नाही. मी मुलांना विचारलं, चित्रात कुणाची बसण्याची पद्धत बघून राग येतो? विल्सन चित्रात दिसतच नाहीत, त्यांची फक्त पाटी आहे. राग येतो तो रेलून बसलेल्या माणसाचा. तो थकलेला नाही, जखमी नाही, त्याला कुणी अडवलेलंही नाही. जो दगड त्याने उचलून बसवायचा, त्याच दगडाचा तक्क्या करून तो बसलाय. रोख त्याच्यावर आहे. पाटी त्या रोखाला धार लावते : आराखडा तुमच्याच घरातून आला, आणि आता दगडही तुमच्याचकडे अडलाय. पाटी झाकून चित्र बघा म्हटलं. मुलांनी लगेच सांगितलं, मग तो नुसता आळशी वाटतो. पाटी असली की दुटप्पी वाटतो. हा फरक त्यांचा त्यांनी काढला.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. चित्र लंडनमधल्या साप्ताहिकातलं आहे. दगडांवर बेल्जियम आहे, जपान नाही. राष्ट्रसंघाच्या परिषदेत मात्र जपान ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीच्या बरोबरीने कायम सदस्य झाला. बेल्जियम सुरुवातीला तात्पुरत्या सदस्यांमध्ये होता. मग बेल्जियम कशाला? माझा अंदाज असा की ब्रिटिश वाचकाच्या मनात १९१४ चं युद्ध बेल्जियमच्या नावाशी बांधलेलं होतं, आणि चित्र त्याच वाचकासाठी होतं. हा अंदाजच आहे, म्हणून त्याला गुण ठेवत नाही. पण कोण गाळलं गेलंय हे बघायची सवय लागावी म्हणून आता मी तो प्रश्न विचारतो.

राहिली तारीख. डिसेंबर १९१९ मध्ये प्रकरण संपलेलं नव्हतं. तह पुन्हा सिनेटपुढे आला आणि १९ मार्च १९२० ला ४९ विरुद्ध ३५ मतं पडली, मंजुरीला लागणाऱ्या दोन-तृतीयांशाला सात कमी. मार्चमध्ये दार बंद झालं. चित्र काढलं तेव्हा ते किलकिलं होतं, आणि म्हणूनच दगड फुटलेला किंवा वाहून गेलेला न दाखवता शेजारी ठेवलाय. ते चित्र मर्तिकाचं नाही, तगाद्याचं आहे. 'अपयशी ठरला' या ठिकाणी मग आम्ही फळ्यावर असं वाक्य लिहिलं : 'राष्ट्रसंघाची कल्पना मांडणारी अमेरिकाच बाहेर राहत असल्याने संघ सुरू होण्याआधीच कमकुवत होत आहे, अशी टीका हा ब्रिटिश व्यंगचित्रकार अमेरिकेवर करतो.' जरा लांब आहे, पण कोण, कुणावर, कधी आणि कशाबद्दल हे चारही त्यात येतं.

घंटा झाली. मी एकतीसच्या एकतीस पेपर परत गोळा केले. मुलं कुरकुरली, कारण गुण कमी होणार हे त्यांना कळलं होतं. स्टाफरूममध्ये एक सहकारी मॅडम म्हणाल्या, "अहो, चूक तुमची आणि गुण पोरांचे कापणार?" ते पटलं. कुणाचे गुण कमी केले नाहीत. मांचुरिया लिहिणाऱ्यांच्या पेपरवर फक्त लाल शाईने तारखेभोवती गोल काढला. चित्रातली मोकळी जागा 'अजून अपुरी' अशी वाचणारे चौघेजण होते. त्यांना आधी मी तीन-तीन गुण दिले होते, 'निष्कर्ष अर्धवट' असा शेरा मारून. ते पाच-पाच केले.

त्या चौघांत ती मुलगीही होती. सहा करावेत असं एक क्षण वाटलं होतं. पण तिनेही टोपीवाल्याला विल्सन म्हटलं होतं. पेपर परत घेताना तिने ती ओळ वाचली, जीभ चावली आणि काही न बोलता जागेवर गेली.