उत्तरं गोपनीय, बक्षीस मिक्सर

ठाण्यात नौपाड्यातल्या एका भांड्यांच्या दुकानातून मला फोन आला तो रविवारी सकाळी साडेनऊला, शटर उघडायच्याही आधी. ग्राहकांची मतं विचारणारी पोस्ट शुक्रवारी इन्स्टाग्रामवर टाकली होती आणि दोन दिवसांत 61 उत्तरं आली होती. पोस्टखाली एका ग्राहक बाईंनी लिहिलं होतं, ‘गोपनीय म्हणालात ना? मग काल संध्याकाळी मला फोन कसा आला?’

बाईंना फोन दुकानाच्या मालकांनी, काकांनीच केला होता. बाईंनी उत्तरात लिहिलं होतं की काउंटरवरचा मुलगा कुकरच्या गॅरंटी कार्डावर शिक्का मारायला टाळाटाळ करतो. काकांना ते लागलं. त्याच ओळीत बाईंचा नंबर दिसत होता, तो त्यांनी फिरवला. ‘अहो ताई, मी माफीच मागायला केला होता,’ ते मला म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं. पण बाईंना माफीपेक्षा एकच गोष्ट कळली, की आपण लिहिलेलं आपल्या नावानिशी वाचलं गेलं.

पोस्टचा मजकूर त्यांच्या सूनबाईंनी लिहिला होता. असा होता: ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं! लिंकवर जाऊन पाच प्रश्नांची उत्तरं द्या आणि जिंका मिक्सर! तुमची उत्तरं पूर्णपणे गोपनीय राहतील. गुगलवर पाच स्टार दिलेत तर सोडतीत दोन चिठ्ठ्या!’

असा मजकूर ठाण्यात दर दुसऱ्या दुकानाच्या पोस्टवर दिसतो, म्हणून त्यातली गफलत पटकन नजरेत भरत नाही. बक्षीस द्यायचं तर माणूस कोण हे कळायला हवं, म्हणजे नाव आणि नंबर आला. तो नंबर त्याच फॉर्ममध्ये घेतला की शीटमध्ये उत्तर आणि नंबर एकाच ओळीत बसतात. तिथे ‘गोपनीय’ हा शब्द निव्वळ मालकाच्या संयमावर उभा राहतो. शिवाय ‘गोपनीय’ आणि ‘निनावी’ या दोन शब्दांचा अर्थ वेगळा आहे. निनावी म्हणजे कोणी लिहिलं ते कोणालाच कळत नाही. गोपनीय म्हणजे कोणाला तरी कळतं, पण तो पुढे सांगत नाही. तो ‘कोणी तरी’ कोण, हे मजकुरात लिहिलं नाही तर वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो, आणि तो बहुतेक वेळा ‘निनावी’ असाच असतो.

दुकानात पोहोचल्यावर आधी पोस्टचा फॉर्म बंद केला. मग त्या 61 ओळींचं काम. नंबरांचा रकाना वेगळ्या शीटमध्ये उचलला, ओळींचा क्रम मोडण्यासाठी तिथे नंबर चढत्या क्रमाने लावले उत्तरांच्या शीटमधून तो रकाना काढून टाकला आणि जुन्या फॉर्ममधली मूळ उत्तरंही पुसली. त्या 61 जणांचा सोडतीतला हक्क कायम ठेवला, कारण त्यांनी दुकानाने दिलेल्या शब्दावर भरवसा ठेवून उत्तरं दिली होती. बाईंना पुन्हा फोन करायचा नाही, हे काकांना दोनदा सांगावं लागलं. बाईंनी जिथे विचारलं होतं तिथेच, त्यांच्या प्रश्नाखाली, सरळ उत्तर लिहिलं: नंबर उत्तरांसोबत ठेवला होता, ती आमची चूक, आता वेगळा केला आहे.

नवीन रचनेत दोन फॉर्म केले. पहिल्यात फक्त पाच प्रश्न. सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद, नाव नाही, नंबर नाही. उत्तर पाठवल्यावर जो ‘धन्यवाद’चा संदेश दिसतो त्यात दुसऱ्या फॉर्मची लिंक टाकली. दुसऱ्यात नाव आणि मोबाईल एवढंच. दोन्ही शीट वेगळ्या, एकमेकींशी संबंध नाही.

बहुतेक लोक इथे थांबतात, पण एक धागा अजून उरतो. गुगल फॉर्म प्रत्येक उत्तरासोबत तारीख आणि वेळ सेकंदांपर्यंत नोंदवतो. मोठ्या कंपनीच्या सर्वेक्षणात मिनिटाला शेकडो उत्तरं येतात, तिथे त्याने फरक पडत नाही. भांड्यांच्या दुकानाला तासाला दोन-तीन उत्तरं येतात. पहिल्या फॉर्ममध्ये 6 वाजून 42 मिनिटांनी एक तक्रार आणि दुसऱ्यात 6 वाजून 43 मिनिटांनी एक नंबर, एवढ्यावरून कोणीही जोडी लावेल. म्हणून दुसरा फॉर्म दुकानाच्या खात्यात न ठेवता माझ्या खात्यात ठेवला. काकांना सोडतीच्या दिवशी फक्त नंबरांची यादी मिळणार, वेळेच्या रकान्याशिवाय. उलट माझ्याकडे नंबर असल्यामुळे पहिल्या फॉर्मची उत्तरं मी पाहायची नाहीत, असंही ठरलं. आणि मजकुरात ‘निनावी’ लिहिलं नाही. जे खरोखर करतो तेवढंच लिहिलं.

यावर काकांचा प्रश्न रास्त होता: मग खरोखरची तक्रार सोडवायची कशी? त्यासाठी पहिल्या फॉर्मच्या शेवटी ऐच्छिक प्रश्न घातला: ‘याबद्दल आम्ही तुम्हाला फोन करावा असं वाटत असेल तरच नंबर द्या.’ ज्याला फोन हवा आहे तो नंबर देतो. न देणाऱ्याची तक्रारही कामाची असतेच. शिक्क्याबद्दल मुलाला समज द्यायला बाईंचं नाव लागत नव्हतं.

पाच स्टारची ओळ तर लगेच काढली. मोबदला देऊन मिळवलेला अभिप्राय गुगलच्या नियमात बसत नाही. असे अभिप्राय काढून टाकले जातात आणि त्यांच्यासोबत दुकानाची पतही जाते. शिवाय ‘चांगलं लिहा आणि जिंका’ म्हटल्यावर येणाऱ्या उत्तरांतून दुकानाला शिकण्यासारखं काही मिळत नाही. सूनबाईंना ‘तीन मित्रांना टॅग करा’ हेही हवं होतं. टॅग केलेल्या मित्रांनी काही मागितलेलं नसतं. ते नकोच म्हटलं.

खरेदीची अटही नको. पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीवर नशिबाने बक्षीस, हे वर्णन लॉटरीच्या फार जवळ जातं, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्ये विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या नशिबाच्या खेळांचा उल्लेख अनुचित व्यापार प्रथांच्या व्याख्येत आहे. त्याच व्याख्येत बक्षीस योजनेचा निकाल सहभागी लोकांपासून दडवणं आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं हेही येतं. मोठी योजना असेल तर वकिलाला विचारूनच करावी. इथे एकच मिक्सर होता, साडेचार हजारांचा. दहा हजारांच्या वरचं बक्षीस असतं तर त्यावर 30 टक्के कर कापण्याचं लचांड आलं असतं. वस्तूरूपी बक्षिसात आधी कर भरला गेल्याशिवाय वस्तू देता येत नाही, तो विजेत्याकडून घ्यायचा तर आनंदाने आलेला माणूस वैतागून जातो.

डिजिटल वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. सूचना आणि संमतीच्या तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. पण कोणती माहिती, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, हे साध्या भाषेत सांगा, हे त्यातलं मूळ मागणं आजही पाळायला काही अडत नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, म्हणून सोडत प्रौढांपुरतीच ठेवली.

मजकूर तिसऱ्या खर्ड्याला जमला. इन्स्टाग्रामवर पहिल्या दोन ओळींनंतर बाकीचा मजकूर दुमडला जातो, त्यामुळे नंबर कशासाठी लागतो ते वरच आलं पाहिजे. तळाशी लिहिलेला खुलासा कोणी उघडून पाहत नाही. मजकुरात दिलेली लिंक तिथे दाबताही येत नाही, म्हणून ती प्रोफाइलवर ठेवली.

> पाच प्रश्न, दोन मिनिटं. उत्तरांना नाव-नंबर लागत नाही. सोडतीचा नंबर फक्त सोडतीसाठी, तोही वेगळ्या फॉर्मवर.
>
> दुकानात काय आवडलं, काय खटकलं ते सांगा. लिंक प्रोफाइलवर आहे. रविवार रात्री नऊपर्यंत.
>
> उत्तरांचं काय होणार: मालक आणि सूनबाई, असे दोघंच वाचतील. त्यावरून दुकानाची वेळ, मालाची मांडणी आणि बिलिंग यांत काय बदलायचं ते ठरवू. तुमचं वाक्य जाहिरातीत वापरणार नाही.
>
> सोडतीच्या नंबराचं काय होणार: फक्त सोडतीसाठी. ऑफरचे मेसेज येणार नाहीत, कोणाला देणार नाही. सोडतीनंतर 15 दिवसांत पुसून टाकू. आधीच काढून हवा असेल तर इथे मेसेज करा.
>
> बक्षीस: एक मिक्सर. खरेदीची अट नाही. वय 18 पूर्ण हवं. एका नंबराला एकच चिठ्ठी. चांगलं लिहिलं की वाईट, याचा सोडतीशी संबंध नाही.
>
> सोडत: सोमवारी संध्याकाळी सहा वाजता, दुकानात, सर्वांसमोर. निकाल याच पानावर, नंबराचे शेवटचे तीन आकडे देऊन.
>
> या योजनेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही. सर्व जबाबदारी दुकानाची.

‘ऑफरचे मेसेज येणार नाहीत’ या ओळीवर काका अडले. 200 नंबर हातात येऊन सोडून द्यायचे? त्यांना हवंच असेल तर दुसऱ्या फॉर्ममध्ये वेगळी चौकट ठेवता येते, ‘ऑफर कळवत जा’ अशी, आधीपासून टिक न केलेली, आणि टिक न करताही सोडतीत नाव राहील असं लिहून. त्यांनी विचार केला आणि या खेपेला नको म्हणाले.

सोडतीच्या दिवशी यादीत 204 ओळी होत्या. एकच माणूस एकदा +91 लावून, एकदा शून्य लावून, एकदा मध्ये जागा सोडून नंबर देतो आणि शीटला ते तीन वेगळे वाटतात. शेवटचे दहा आकडे वेगळे काढले की खरं चित्र दिसतं:

```
=RIGHT(SUBSTITUTE(C2," ",""),10)
```

दुबार नंबर गेल्यावर 188 उरले. सूनबाईंना `RANDBETWEEN` वापरून नंबर काढायचा होता. त्याची अडचण अशी, की शीटमध्ये कुठेही काही बदललं की तो आकडा पुन्हा नव्याने पडतो. विजेता जाहीर केला आणि चुकून एका खान्यात काही टाइप झालं, की पडद्यावर दुसराच विजेता. समोर माणसं उभी असताना तो प्रसंग नको. शेवटी 1 ते 188 आकड्यांच्या सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या कापल्या आणि दुकानातल्याच एका पातेल्यात टाकल्या. 73 निघाला.

पंधराव्या दिवशी पुसायचं काम. शीट उडवली की झालं, असं काकांना वाटत होतं. शीट ही फॉर्मची फक्त प्रत असते. ती उडवली तरी उत्तरं फॉर्ममध्ये जशीच्या तशी राहतात. दुसऱ्या फॉर्मच्या उत्तरांच्या टॅबमध्ये जाऊन `Delete all responses` केलं, मग शीट उडवली, मग कचऱ्याची पेटीही रिकामी केली, कारण ड्राइव्हच्या त्या पेटीत फाइल 30 दिवस पडून राहते आणि आमचा शब्द 15 दिवसांचा होता. पहिल्या फॉर्ममध्ये ज्या अकरा जणांनी फोन मागितला होता, त्यांचे नंबर तक्रार मिटेल तसे काका एकेक खोडत गेले. छापलेल्या यादीचे कागद सूनबाईंनी काउंटरमागे फाडले.