मोठ्याला मध, धाकटीला नाही

चार महिन्यांची ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा तिच्या कागदावर ‘जंतुसंसर्गाची शंका’ असं लिहिलेलं होतं. इतकं लहान बाळ दूध प्यायचं कमी होऊन मलूल पडलं, की आधी तोच विचार करावा लागतो. पण तिला ताप नव्हता. आई सांगत होती की पाच दिवस शी झालेली नाही, त्यानंतर दूध ओढणं कमी झालं आणि आता रडण्याचा आवाजही बारीक झालाय. हा क्रम मला खटकला. जंतुसंसर्गात बाळाचं सगळंच एकदम बिघडतं. इथे आधी पोट थांबलं होतं आणि मग एकेक करून चेहऱ्याचे, घशाचे, मानेचे स्नायू ढिले पडत गेले होते.

मी तिला उचलून उभं धरलं. मान सावरत नव्हती. आडवी असताना ठीक वाटणाऱ्या पापण्या उभं धरल्यावर दोन्हीकडे खाली आल्या. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, पण ती जागी होती, आईच्या आवाजाकडे लक्ष देत होती. मग उजेड कमी करून टॉर्च डोळ्यांवर पुन्हा पुन्हा मारला. सुरुवातीला बाहुली झटकन आकसली. मिनिट-दोन मिनिटं तेच करत राहिल्यावर ती हळू हळू आकसायला लागली, आणि नंतर जेमतेमच. या तपासणीला एक टॉर्च आणि थोडा धीर एवढंच लागतं, तरी ती फारशी कोणी करत नाही. एकदा उजेड टाकायचा, ‘बाहुल्या नॉर्मल’ लिहायचं आणि पुढे जायचं, ही सवय मला अजिबात आवडत नाही. दमणारी बाहुली पहिल्या झोतात दिसतच नाही.

तोवर आमच्या निवासी डॉक्टरांनी जेंटामायसिनचं इंजेक्शन भरायला घेतलं होतं. एरवी संशयित जंतुसंसर्गात ते योग्यच, पण मी ते थांबवायला सांगितलं. माझ्या मनात होता तो शिशु-बोट्युलिझम. त्यात जंतूचं विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, आणि जेंटामायसिनच्या गटातली औषधं त्याच जोडावर आणखी दाब टाकतात. कसाबसा चालणारा श्वास त्याने थांबू शकतो. जंतुसंसर्ग नाही अशी खात्री होईपर्यंत दुसऱ्या गटाचं प्रतिजैविक सुरू ठेवलं.

मग आईला विचारलं, बाळाला काय काय दिलंत? “अंगावरचं दूध, दुसरं काही नाही.” औषध? “नाही.” मी प्रश्न बदलला: दूध सोडून तिच्या तोंडात काय गेलं, बोटावरचं, चमच्यावरचं, काहीही? तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, “खोकत होती म्हणून थोडा मध दिला. मोठ्याला डॉक्टरांनीच सांगितलाय ना.”

मोठा म्हणजे तीन वर्षांचा भाऊ. त्याच्या कागदावर एका डॉक्टरांनी खोकल्यासाठी ‘रात्री मध, अर्धा चमचा’ असं लिहिलं होतं. मला त्यात काही खोट काढता येईना. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर झालेल्या चाचणीत झोपण्याआधी अर्ध्या तासाच्या आत मधाचा एकच डोस दिला होता आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तो अर्धा चमचाच होता. काहीच न दिलेल्या मुलांच्या तुलनेत मध घेतलेली मुलं रात्री कमी खोकली आणि बरी झोपली. पुढे २०१२ साली इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर दहा ग्रॅम मध वापरून पाहिला. तुलनेला मधासारखाच दिसणारा खजुराचा पाक होता. तिथेही मध सरस ठरला. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने अशा सहा चाचण्या एकत्र तपासल्या आणि काही न देण्यापेक्षा मध बहुधा बरा, असा निष्कर्ष काढला. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे नेहमीचं खोकल्याचं औषधही त्याच्यापेक्षा फारसं पुढे नव्हतं.

हा फायदा मर्यादित आहे, हेही त्याच चाचण्या सांगतात. खोकला किती कमी झाला हे आईवडिलांनी सांगायचं होतं, बहुतेक मोजमाप एक-दोन रात्रींचं होतं, आणि काहीच न घेतलेल्या मुलांचा खोकलाही दुसऱ्या रात्री उतरलेलाच होता. सर्दीचा खोकला आपला आपण जातो. मध फक्त ती रात्र सोपी करतो. धाप लागली असेल, श्वासाला शिटीसारखा आवाज येत असेल, तर त्याचा उपयोग नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला साध्या सर्दीत यापेक्षा बरं, निरुपद्रवी असं दुसरं काही माझ्याकडे नाही.

त्या कागदावर नव्हती ती एकच ओळ: एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. तीन वर्षांच्या मुलासाठी लिहिताना ती कोणाला सुचणार? पण सल्ला घरात पोचला की तो घरातल्या सगळ्या मुलांचा होतो.

मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीच वस्तीला असलेले जंतू त्यांना रुजू देत नाहीत. पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत, ती वस्ती पुरती बसलेली नसते. बीजाणू रुजतात आणि आतड्यातच विष तयार होतं. आजींनी मला विचारलं, उकळून दिला असता तर? नाही. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. मध किती शुद्ध आहे, याचाही इथे संबंध नाही.

निदानासाठी शी हवी होती आणि बाळाला तीच होत नव्हती. शेवटी निर्जंतुक पाण्याचा एनिमा देऊन नमुना मिळवला. त्यात विष सापडलं. या आजारावर मानवी प्रतिपिंडांचं औषध आहे. अमेरिकेतल्या चाचणीत त्याने रुग्णालयातला मुक्काम सरासरी ५.७ आठवड्यांवरून २.६ वर आणला. पण जगात ते फार थोड्या ठिकाणी मिळतं आणि आम्हाला वेळेत मिळालं नाही. मग श्वासावर नजर, नाकातल्या नळीतून आईचं दूध, आणि वाट पाहणं. मज्जातंतूंना नवे शेंडे फुटेपर्यंत ताकद येत नाही. ती आली, आणि आता मुलगी छान आहे.

मी अजून अडकलोय तो बाटलीपाशी. घरातला मध तपासणीला पाठवला, त्यात बीजाणू सापडले नाहीत. वडील म्हणाले, “म्हणजे मधामुळे नव्हतं?” तसं म्हणता येत नाही, कारण बीजाणू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात आणि एका नमुन्यात न सापडणं म्हणजे बाटलीत नव्हतेच असं नाही. उलटही तितकंच खरं आहे: या आजाराच्या बहुतेक बाळांनी मध चाखलेलाच नसतो, बीजाणू धुळीतून, मातीतून येतात. आजींना मी हे दोन्ही सांगितलं. त्यांनी पहिलंच ऐकलं, असं मला वाटतं. धूळ टाळता येत नाही, मध टाळता येतो, म्हणून सूचना मधाची आहे. तिचा अर्थ दोष त्यांचा असा होत नाही.

काही महिन्यांनी मोठ्याला पुन्हा सर्दी झाली. आता घरात मध नको, एखादं सिरप लिहून द्या, असा आईचा आग्रह होता. मी नकार दिला. या वयात त्या सिरपांचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि जास्त डोस गेला तर धोका खरा आहे. मोठ्यासाठी पुन्हा अर्धा चमचा मधच लिहिला, खाली धाकटीचं नाव आणि तिची वर्ष पूर्ण होण्याची तारीख लिहिली, आणि त्याआधी तिला मध नाही असं नमूद केलं. आजींनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “आणि या तारखेनंतर तिला चालेल?”

चालेल, म्हटलं.