आईसाठी एक पत्र, बाबांसाठी दुसरं

परदेशात शिकणाऱ्या एका मुलानं आई-बाबांना पत्र लिहिलं होतं. ते त्यानं स्वतःच्या आवाजात वाचून रेकॉर्ड केलं आणि वर्षभरात मोबाइलवर काढलेल्या क्लिप्ससोबत मला पाठवलं. साधारण तीन मिनिटांची फिल्म करून हवी होती. अट एकच: कॅप्शन हवीतच, कारण बाबांना जवळपास ऐकू येत नाही.

आवाज चांगला होता. कपड्यांनी भरलेल्या कपाटात डोकं घालून वाचलं, असं त्यानं सांगितलं. हसू नका, हे खरंच चालतं. कपडे आवाज शोषून घेतात आणि रिकाम्या खोलीचा घुमारा येत नाही. माझ्या मदतनिसानं मात्र हातात येताच त्यातले सगळे श्वास आणि थांबे काढून टाकले. हल्ली हे एका बटणावर होतं, म्हणून प्रत्येक जण करतो. ऐकलं तर पत्राची सूचना झाली होती, फलाटावर देतात तशी. मी मूळ ट्रॅक परत घेतला. पत्र वाचणारा माणूस वाक्यांच्या मध्ये विचार करत असतो आणि तो विचार श्वासातच ऐकू येतो. जिथे फारच लांब थांबा होता तिथे थोडं कापलं, पण कापलेल्या जागी त्याच कपाटातली शांतता भरली. पूर्ण शून्य आवाज टाकला तर कानाला खड्डा जाणवतो.

चित्रांचा पहिला आराखडा त्या मुलानंच करून दिला होता. ‘वाचनालयात बसतो’ म्हटलं की वाचनालय, ‘थंडी फार आहे’ म्हटलं की बर्फ. नवशिके शंभर टक्के हेच करतात. शब्दानं सांगितलेलं चित्रानं पुन्हा सांगितलं की बघणारा पुढचं ऐकायचं थांबतो, कारण त्याला सगळं आधीच कळलेलं असतं. मी चित्रं सरकवली. थंडीचं वाक्य आलं तेव्हा पडद्यावर दारापाशी वाळत ठेवलेले ओले बूट होते, आणि बर्फ पुढच्या वाक्याखाली गेला, जिथे तो बहिणीच्या परीक्षेची चौकशी करतो. दृश्य बदलायचं ते शब्दावर नाही, तर श्वासावर. एवढं केलं की माँटाज आपोआप त्या माणसाचं होतं.

मग कॅप्शन. सॉफ्टवेअर सेकंदाला किती अक्षरं वाचावी लागतील ते मोजतं आणि मर्यादा ओलांडली की लाल रंग दाखवतं. ही मोजणी देवनागरीत फसवी असते. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, पण सॉफ्टवेअर काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण असं सगळं सुटं धरतं आणि पंधरा मोजतं. त्या लाल रंगाला घाबरून लोक मराठी वाक्यं उगाच छाटतात. मी छाटत नाही, मोठ्यानं वाचून बघते. मला सांभाळायचा असतो तो वेगळाच धोका. डोळा कानाच्या पुढे पळतो. थांब्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं वाक्य एकाच कॅप्शनमध्ये टाकलं, तर आईच्या कानावर पहिला भाग पडत असताना बाबांचं दुसरा वाचून झालेलं असतं. म्हणून थांबा आला की कॅप्शन तोडायचं आणि पडदा कोरा ठेवायचा. बाबांनाही वाट बघायला लागली पाहिजे.

कॅप्शन मदतनिसानं लिखित पत्रावरून भरली होती. ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. मजकूर तयार मिळाला की ऐकायचे कष्ट कोण घेतं? मी वेळा जुळवायला बसले तेव्हा ‘माझी काळजी करू नका’च्या पुढे आवाजाची रेघ उठलेली दिसली आणि तिच्याखाली कॅप्शनच नव्हतं. ऐकलं. पत्रात नसलेली दोन वाक्यं तो वाचता वाचता बोलून गेला होता. मी ती घातली:

```
24
00:01:52,300 --> 00:01:55,400
पहिले दोन महिने
रात्री झोपच लागायची नाही.

25
00:01:56,900 --> 00:01:58,100
पण ते जाऊ दे.
```

कच्ची प्रत पाहून त्याचा लगेच फोन आला. “ताई, चोवीस आणि पंचवीस काढा.”

मी म्हटलं, काढते, मग आवाजातूनही काढते.

“नको. आवाजात राहू दे. आईला मी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. बाबांना नाही सांगितलं.”

म्हणजे ती वाक्यं चुकून राहिलेली नव्हती. एकाच सोफ्यावर शेजारी बसून दोघांनी एकच फिल्म बघायची आणि दोघांना दोन वेगळी पत्रं मिळायची, अशी त्याची रचना होती. आणि ती जमली असती, हे मला जास्त खटकलं. तो कॅमेऱ्यासमोर बोलत असता तर बाबांना ओठ हलताना दिसले असते आणि त्यांनी विचारलं असतं, काय म्हणाला? इथे नुसता आवाज होता. चित्रात त्या वेळी कपडे धुण्याचं यंत्र फिरतंय, रात्रीची वेळ, काचेत त्याचं अस्पष्ट प्रतिबिंब. (त्यानं आधी तिथे बिछान्याचं दृश्य लावलं होतं. मी काढलं. झोप लागत नाही म्हणताना बिछाना कशाला?) कॅप्शन नसतं, तर तिथे कुणी काही बोललं याचा मागमूसही राहिला नसता.

मी सांगितलं की असं करणार नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला ऐकणाऱ्याइतकंच मिळायला हवं, नाहीतर कॅप्शनला अर्थ काय? तो शांतपणे म्हणाला, “पण वेळ कमी पडला की तुम्ही शब्द गाळताच ना?” गाळते. ‘म्हणजे’, ‘बरं का’, दोनदा आलेला शब्द, हे गाळते. आशय गाळत नाही. तो म्हणाला, “बाबा घरातल्या गोष्टी असंच ऐकत आलेत, आई निवडून सांगते तेवढ्या.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. बहिऱ्या माणसाच्या घरात रोज कोण काय गाळत असेल, हे मी ठरवणार होते का? पण गाळणाऱ्या हातांत माझा हात नको होता, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

मी दोन पर्याय ठेवले. दोन्हीकडे ठेव किंवा दोन्हीकडून काढ. काढायचं झालं तर सांधा ऐकू येणार नाही, याची हमी माझी. काही दिवस त्याचा पत्ता नव्हता. मग निरोप आला: “दोन्हीकडे ठेवा.”

मला बरं वाटलं, हे कबूल. मग पुढचा निरोप आला. कॅप्शन चित्रात कायमची छापू नका, वेगळी .srt फाइल द्या; टीव्हीवर बाबांना अक्षरं मोठी करून घेता येतील.

कारण अगदी खरं आहे. चित्रात छापलेली अक्षरं नंतर मोठी करता येत नाहीत, सुट्या फाइलची बहुतेक प्लेअरमध्ये करता येतात. कमी दिसणाऱ्यांसाठी मी स्वतः हेच सुचवते. पण .srt म्हणजे साधा मजकूर. कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडायची, चोवीस आणि पंचवीस खोडायचे, सेव्ह करायची. बाकीच्या वेळा जागच्या जागी राहतात. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि त्याला माझी गरजही नाही.

मदतनीस म्हणाला, छापूनच पाठवू या, विसरलो म्हणू. मी नाही म्हटलं. फिल्म त्याची आहे, बाबाही त्याचे. मी दोन फाइल्स पाठवल्या, नावं सारखी ठेवली म्हणजे टीव्ही कॅप्शन आपोआप उचलेल, आणि फॉन्ट तुटला तर फाइल यूटीएफ-8 मध्येच सेव्ह कर असंही लिहिलं. ही सूचना फाइल उघडून बदल करणाऱ्यालाच लागते, हे ‘पाठवा’ दाबल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याचं उत्तर आलं, “थँक्यू ताई, दोघांना खूप आवडली.”