‘देवलांना म्हणायचं आहे की…’

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी देवलांचं ‘संगीत शारदा’ हे नाटक घेतलं, त्याचं अर्धं कारण हरिपूर. देवलांचा जन्म तिथला, आणि सांगलीपासून हरिपूर हाकेच्या अंतरावर. इथल्याच कुणा म्हाताऱ्या नवऱ्यावरून त्यांनी नाटक लिहिलं, असं बाबा लहानपणापासून सांगायचे. पहिल्या प्रकरणाची सुरुवात मी त्याच गोष्टीने केली. पुढे पानोपानी ‘जरठ-बाला विवाह बंद व्हावेत हा देवलांचा हेतू होता’.

मॅडमनी समासात एवढंच लिहिलं : “मग लग्न कशामुळे मोडतं?”

मी पुन्हा नाटक उघडलं. म्हाताऱ्या भुजंगनाथाचं कोवळ्या शारदेशी ठरलेलं लग्न वयामुळे मोडत नाही. तरुण कोदंडाचा विरोध आहे तो म्हाताऱ्याने पोरीशी लग्न करण्याला, पण लग्न थांबतं ते वधू-वर सगोत्र निघाले म्हणून. माझा ‘हेतू’ या प्रसंगापाशीच लंगडा पडत होता.

मग इतिहासाची पुस्तकं काढली, पण या वेळी प्रश्न वेगळा होता : १८९९ साली नाटक बघणाऱ्याला हा प्रसंग कसा दिसला असेल? १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं वय दहावरून बारावर नेलं होतं, लग्नाला मात्र हात लावला नव्हता. पाऊणशे वयाच्या वराला अडवेल असं काहीच नव्हतं. सगोत्र विवाह मात्र शास्त्राने निषिद्ध होता आणि तो कायदेशीर ठरायला १९४६ उजाडलं. म्हणजे कोदंडाच्या हातात चालणारं हत्यार ते एकच होतं. ‘गोत्र’ या शब्दाचं तेव्हाचं वजन सगळ्यांना ठाऊक होतं, त्यासाठी देवलांच्या मनात शिरावं लागत नाही. विम्सॅट आणि बिअर्डस्ली हे समीक्षक १९४६च्या लेखात लेखकाच्या हेतूवरून अर्थ ठरवण्याच्या ज्या चुकीबद्दल बजावतात, ती याच फरकाची. शब्दाचा त्या काळचा अर्थ हा पुरावा आहे, लेखकाचा खाजगी बेत हा कृतीच्या अर्थाचा निकाल नाही.

त्यानंतर ‘देवल’ कर्ता असलेलं प्रत्येक वाक्य लाल पेनाने अधोरेखित केलं. त्या जागी ‘नाटकात’ घालून बघायचं. संहितेतला प्रसंग दाखवता आला तर वाक्य ठेवायचं, नाहीतर सरळ काट. बरीच वाक्यं गेली. ‘देवलांच्या नाटकावरून शारदा कायदा आला’ हेही गेलं, आणि ते तर धडधडीत चूक होतं. बालविवाह रोखणाऱ्या १९२९च्या त्या कायद्याला नाव मिळालं अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून.

उरलं ते असं : या नाटकात मुलगी रूढीतून सुटते ती दुसऱ्या रूढीचा आधार घेऊन. सुधारणेचं नाटक म्हणून ते त्यामुळे कच्चं ठरतं की जास्त खरं, हे गोत्राच्या इतिहासावरून ठरत नाही. तिथे पुन्हा प्रवेशच वाचावे लागतात, आणि मला ते जास्त खरं वाटतं. उद्या देवलांचं एखादं पत्र सापडलं, तरी लग्नमंडपातला प्रसंग आहे तसाच राहील.

हरिपूरची गोष्ट प्रबंधात राहिली नाही. बाबांनी छापील प्रत चाळली, पहिलं प्रकरण दोनदा उलटून पाहिलं आणि म्हणाले, “आपल्या गावाचं नावसुद्धा नाही होय?” आहे, जन्मस्थळाच्या ओळीत. त्यांना ते पुरत नाही.