पाण्यातल्या अंगणात सडा: एका स्वप्नाचं कथाबीज होताना

मार्चमध्ये पडलेल्या स्वप्नाबद्दल मागे इथे चार ओळी टाकल्या होत्या. धरणाचं पाणी ओसरलंय, चिखलातून एका घराचं जोतं वर आलंय आणि त्या घरापुढे एक बाई सडा घालतेय. एवढंच. ‘छान आहे, लिही’ असं बऱ्याच जणांनी सांगितलं, आणि तिथेच माझी गाडी पाच आठवडे अडकली. आता सुटलीय, म्हणून ही नोंद. चुकांसकट.

धरण कोणतं हे शोधावं लागलं नाही. सोलापूरला जाताना भिगवणच्या आसपास रेल्वेतून उजनीचा फुगवटा दिसतो, तो मी लहानपणापासून बघतेय. भीमेवरचं हे धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळा कडक असला की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं आणि लोक ते बघायला होड्या करून जातात. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी खोल ‘मायनस’मध्ये गेली होती, म्हणजे मृतसाठ्यातलं पाणीही उतरत होतं. कथेचा काळ मी तोच धरलाय.

पहिला प्रयत्न, जो वाया गेला

मी स्वप्नाचा अर्थ लावायला बसले. पाणी म्हणजे विस्मृती, जोतं म्हणजे मूळ, बाई म्हणजे माती, वगैरे. त्यातून हा सारांश निघाला: ‘एक वृद्ध स्त्री आपल्या बुडालेल्या घरी परतते आणि तिला आयुष्य आठवतं.’ यावर दहा पानं लिहिली. नंतर पेन्सिल घेऊन तिची क्रियापदं अधोरेखित केली: बघते, आठवते, हात फिरवते, थबकते, पुन्हा आठवते. दहा पानांत तिला कुणी अडवत नाही आणि तीही कुणाच्या वाटेत येत नाही. बाई उचलून तिथे दुसरी कुठलीही बाई ठेवली असती तरी एक ओळ बदलली नसती. यात हुरहुर होती, गोष्ट नव्हती. क्रियापदं मोजायची ही सवय मी आता कायमची लावून घेतलीय, कारण आपली हुरहुर आपल्याला नेहमी गोष्टच वाटते.

मग हिशोब विचारला

अर्थ बाजूला ठेवून वहीत दोन रकाने केले. डावीकडे स्वप्नात खरोखर दिसलं ते, उजवीकडे मी नंतर चिकटवलं ते. डावीकडे उरलं फार थोडं: भेगाळलेला गाळ, त्यावर शिंपले, चौकट नसलेला दगडी उंबरा, बादली, शेणाचा सडा. बाईची पाठ घराकडे आणि तोंड पलीकडच्या काठाकडे. उजवीकडे गेलं ते असं: ती विधवा आहे, दुःखी आहे आणि हे तिचं घर आहे. तिसरी गोष्ट लिहिताना हात थांबला. घर तिचं आहे हे मला कुणी सांगितलं?

डाव्या रकान्यातल्या प्रत्येक वस्तूला मी मग साधे, घरगुती प्रश्न विचारले. सडा कशासाठी घालतात? रोजचा म्हणून, नाहीतर कुणी यायचं असेल म्हणून. पडक्या जोत्यापुढे रोजचा सडा कोण घालणार? म्हणजे कुणीतरी येणार आहे, आणि ती बघतेय त्याच बाजूने येणार आहे.

दुसरा प्रश्न इतका बाळबोध होता की विचारायला लाज वाटली. शेण आलं कुठून? पाणी बादलीभर कुठूनही मिळेल, पण धरणाच्या पोटात जनावर नाही. तिने ते वरच्या वस्तीतल्या कुणाच्यातरी गोठ्यातून आणलंय. म्हणजे गोठा आहे, गाई आहेत आणि गाईंचा मालक आहे. दुष्काळी उन्हाळ्यात गाई म्हटल्या की चाऱ्याचा प्रश्न आला, आणि उजनीच्या काठी चारा म्हटला की गाळपेर आली.

गाळपेर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं: पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन सरकारची असते. ती हंगामापुरती कसायला दिली जाते आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. गाळाची जमीन, शेजारी पाणी, त्यामुळे चाऱ्याचा मका साठ-सत्तर दिवसांत कापायला येतो. जोतं मेच्या सुरुवातीला उघडं पडलं असं धरलं तर मका जुलैच्या मध्यावर निघणार. जुलैअखेर पाणी परत येऊ लागतं, आणि तेही कसं, तर स्थानिक आभाळ कोरडं असताना. पाऊस पडतो वर, पुण्याकडच्या धरणांत. तिथून सोडलेलं पाणी दौंडवरून येतं. ‘दौंडचा विसर्ग वाढला’ असा निरोप फोनवर येतो आणि इकडे ऊन असतं. कथेला मुदत हवी हे आपण सगळेच जाणतो, पण इतकी फुकट मिळालेली मुदत मी आजवर पाहिली नव्हती. पेरणी एक दिवस पुढे गेली तर कापणीतला एक दिवस पाण्यात जातो.

दुसरा प्रयत्न, जो सीरियल झाला

आता माणसं आली. बाईचं नाव सध्या गोदा. १९७७ साली, एकोणिसाव्या वर्षी, नवऱ्याने तिला टाकलं आणि वर्षाचा मुलगा ठेवून घेतला. दुसरी केली. पुढे घर पाण्याखाली गेलं आणि कुटुंब वर वस्तीला आलं. तो मुलगा आज अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, गाई त्याच्या आहेत आणि गाळपेर करायला तोच उतरणार आहे. इथवर मी खूश होते. मग मी असं ठरवलं की आपली जन्मदाती गोदा आहे हे त्याला माहीतच नाही, आणि ती सांगायला आलीय.

आमच्या कट्ट्यावर वाचून दाखवलं. निवृत्त तलाठी असलेले काका शांतपणे म्हणाले, “अगं, गावात अशी गोष्ट सत्तेचाळीस वर्षं लपते होय? शाळेत पहिल्याच भांडणात पोरांनी त्याला ऐकवलं असतं.” दुसरी मैत्रीण म्हणाली, “संध्याकाळी सातचा स्लॉट आहे हा.”

दोघांचंही खरं होतं. गुपितात खोट अशी की ते फुटेपर्यंत सगळे थांबून राहतात आणि फुटल्यावर सगळे रडतात. मधे कुणाला काही ठरवावंच लागत नाही. म्हणून गुपित काढून टाकलं. सगळ्यांना सगळं माहीत आहे, फक्त गेली सत्तेचाळीस वर्षं कुणी ते बोललेलं नाही. याने कथा पातळ होईल अशी भीती होती, पण ती उलट घट्ट झाली.

पणाला काय लागलं

गोदाची मागणी अगदी लहान ठेवली: पाणी परत येईपर्यंत एवढं जोतं मोडू नकोस. जोतं आणि अंगण मिळून दोन गुंठ्यांच्या आत. चाऱ्याच्या हिशोबात ते काहीच नाही, आणि म्हणूनच ‘हो’ म्हणणं अवघड. जागा चाऱ्यासाठी नाकारता येत नसेल तर ती दिली जाते तेव्हा गोदालाच मान्य केल्यासारखं होतं, आणि सगळी वस्ती ते बघणार.

पण विरोध कुणाचा? मुलगा एकटा पुरत नव्हता. तो कधीतरी विरघळणार हे वाचकाला दिसतंच. पुन्हा काकाच कामाला आले. त्यांनी विचारलं, “दुसरी कधी केली? पंचावन्ननंतर ना?” १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली बायको हयात आणि काडीमोड झालेला नसताना केलेलं दुसरं लग्न ग्राह्य नाही. म्हणजे कागदाच्या नजरेने बायको गोदाच. आणि धरणग्रस्ताच्या कागदांवर, नवऱ्याच्या मागे, पत्नी म्हणून नाव लागलंय सवतीचं.

त्या संध्याकाळी मला माझी गोष्ट दिसली. सवत दुष्ट असायची गरजच उरली नाही. तिने गोदाच्या तान्ह्या पोराला वाढवलं, घर उठलं तेव्हा सामान डोक्यावर वाहून नेलं, नवऱ्याचं आजारपण काढलं. आता गोदा खाली अंगणात सडा घालतेय, आणि तो सडा बघून हिच्या पायाखालची जमीन सरकतेय. यंदाच्या गाळपेरीच्या अर्जावर अंगठा तिचाच लागणार आहे. ती म्हणते, “ती तिथं हाय तवर म्या अंगठा देत न्हाई.”

वहीत आता कथाबीज असं आहे:

‘दुष्काळात चार गाई जगवायच्या तर आठवड्याच्या आत गाळात मका पेरायला हवा. त्यासाठी वाढवणाऱ्या आईचा अंगठा लागतो, आणि तो मिळवायचा तर जन्म देणाऱ्या आईला तिच्या पडक्या उंबऱ्यावरून उठवावं लागेल.’

हे मी तीन ठिकाणी दाबून बघितलं. मुलाने काहीच केलं नाही तर? पेरणी चुकते, गाई मातीमोलाने बाजारात जातात, म्हणजे गप्प बसायचीही किंमत आहे. गोदा आपणहून निघून गेली तर? ती आज सहासष्टची. पाणी इतकं खाली दर वर्षी जात नाही, आणि उघड्या जोत्याचे दगड लोक वाहून नेतात. पुन्हा तो उंबरा तिला दिसेलच असं नाही. सवतीने अंगठा दिला तर? गावादेखत तिचं अर्धं आयुष्य प्रश्नात येतं. तिघांपैकी प्रत्येकाकडे गमावण्यासारखं काहीतरी आहे, आणि एकाचं राखायला गेलं की दुसऱ्याचं जातं. पहिल्या सारांशात यातलं एकही उत्तर नव्हतं.

याची मर्यादाही लिहून ठेवते. हे दीर्घकथेचं बीज आहे, पंचवीस-तीस पानांचं. कादंबरीचा मोह झाला होता, पण त्यासाठी पुनर्वसनाचा सगळा इतिहास आत ओढावा लागला असता आणि तो अंगठा हरवला असता.

चित्र कुठे ठेवायचं

स्वप्नातलं चित्र पहिल्या पानावरच हवं, असा माझा हट्ट होता. तो ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या मेरी शेलीमुळे सुटला. १८१६च्या उन्हाळ्यात, अठराव्या वर्षी, जिनिव्हाच्या सरोवराकाठी तिला ते प्रसिद्ध दृश्य दिसलं: आपण जोडलेल्या देहात हालचाल होताच भेदरून पळणारा तरुण. दुसऱ्या दिवशी तिने नोव्हेंबरमधल्या एका उदास रात्रीच्या वाक्यापासूनच लिहायला घेतलं. पण आज सहसा वाचली जाणारी १८३१ची आवृत्ती उघडली तर ते वाक्य पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीला सापडतं. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये त्या रात्रीच्या आधी माणूस आणि त्याचा हव्यास बांधून झालेला असतो. म्हणून मीही सडा सातव्या पानावर ढकलला. आधी गोठा, वैरणीचा भाव, अर्जाचा कागद. मग मुलगा ट्रॅक्टरवाल्याला घेऊन गाळात उतरतो आणि त्याला लांबून ओला चौकोन दिसतो.

सुरुवातीची सहा पानं झालीत. अडकलेय ती त्याच्या आधीच्या पहाटेवर. गोदा गोठ्यात शेण उचलायला येते तेव्हा सवत जागी असते आणि दारातून बघते. एका खर्ड्यात ती काहीच न बोलता आत जाते. दुसऱ्यात ती कोपऱ्यातली पाटी पायाने गोदाकडे सरकवते. पाटी सरकवली तर पुढे अंगठा अडवताना तिला स्वतःशीही भांडावं लागेल, आणि ते मला जमेल का, कळत नाहीये. या आठवड्यात दोन्ही पूर्ण लिहून कट्ट्यावर वाचणार आहे.