मुशायऱ्यात मतला आणि शेर कसे ओळखायला लागलो – माझा अनुभव

मी ठाण्यात राहतो आणि मुंब्र्याला मुशायऱ्यांना जातो. उर्दू वाचता येत नाही, कानाने जेवढं कळतं तेवढंच. सुरुवातीला शायर "मतला अर्ज है" म्हणायचे, मग "शेर देखिए" म्हणायचे, आणि दोन्हीत फरक काय ते कळायचंच नाही. शेजारी बसणाऱ्या एका चाचांना विचारलं तर म्हणाले, गालिबची एखादी पाठ असलेली गझल घे आणि प्रत्येक ओळीचा शेवट ऐक.

मग मी हे घेतलं:

दिल-ए-नादाँ तुझे हुआ क्या है
आखिर इस दर्द की दवा क्या है

दोन ओळी म्हणजे एक शेर, आणि त्यातल्या एका ओळीला मिसरा म्हणतात. इथे दोन्ही मिसरे "क्या है" वर संपतात, तो झाला रदीफ, आणि त्याच्या आधी हुआ, दवा असा "आ" चा यमक येतो तो काफिया. दोन्ही ओळींत काफिया-रदीफ असलेला गझलेचा पहिला शेर म्हणजे मतला, म्हणजे मतला हाही शेरच आहे, फक्त पुढे काय जुळणार ते तो आधीच ऐकवून ठेवतो.

पुढचा शेर बघा:

हम हैं मुश्ताक और वो बेजार
या इलाही ये माजरा क्या है

पहिली ओळ "बेजार" वर संपली, कशाशीच जुळली नाही, आणि दुसरीत माजरा क्या है. मतल्यानंतरचे शेर असेच असतात. म्हणूनच शायर पहिला मिसरा दोन-तीनदा म्हणतात, लोक तो उचलून धरतात आणि सगळे दुसऱ्याची वाट बघतात. मतला नीट ऐकला असेल तर "आ" चा कुठला शब्द येईल याचा अंदाज बांधता येतो आणि तो शब्द पडला की दाद आपोआप निघते, मला तर मुशायऱ्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मतल्यात प्रेमाचं दुखणं असलं म्हणून पुढच्या शेरात तीच गोष्ट चालू राहील असं नाही, प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. मी आधीच्या शेराचा धागा शोधणं सोडलं तेव्हा कुठे ऐकायला मजा यायला लागली.

कधी कधी मतल्यानंतरच्या शेरातही दोन्ही ओळी जुळतात, तेव्हा नवीन गझल सुरू झाली असं समजू नका, काफिया-रदीफ तेच असतील तर तो हुस्न-ए-मतला. काही गझलांना रदीफ नसतोच, तिथे फक्त काफिया धरायचा. आणि शायरने नज्म म्हणायला घेतली तर मतला शोधू नका, ती एकाच विषयावर चालते, तिथे सलग ऐकायचं.